मदत हवी आहे : चौकडीच्या शर्टावरील किमतीचा टॅग काढल्यावर चुणीची छाया जुळत नाही

नमस्कार. एका दुकानासाठी मी कपड्यांची छायाचित्रे फोटोशॉपमध्ये स्वच्छ करून देतो. त्यातील निळ्या-पांढऱ्या चौकडीच्या शर्टावर बाहीखालून किमतीचा टॅग लोंबत असून, तो नेमका कमरेकडे तिरप्या उतरणाऱ्या चुणीवर आला आहे. शर्ट विकला गेल्यामुळे छायाचित्र पुन्हा काढता येणार नाही.

Content-Aware Fill ने टॅग जातो, परंतु चौकडी मध्येच अर्धी होते. म्हणून शेजारचा स्वच्छ तुकडा वेगळ्या लेयरवर घेऊन, उभ्या-आडव्या रेषा टॅगच्या चारही कडांशी जुळेपर्यंत तो Warp ने वाकवला. रेषा आता जुळल्या आहेत. टॅगची कापडावर पडलेली बारीक सावलीही मास्क थोडा बाहेर नेऊन झाकली आहे. (दोऱ्याचा त्रास मुळीच झाला नाही, तो Healing Brush ने सहज गेला.)

अडचण उजेडाची आहे. तुकडा सपाट भागातला असल्यामुळे चुण त्याच्या कडेशी येऊन थांबते आणि ठिगळ लावल्यासारखे दिसते. Multiply लेयरवर काळ्या मऊ ब्रशने छाया दिली, तर पांढरे चौकोन मळकट राखाडी होतात, जरी मूळ चुणीत ते निळसर आहेत. पोत आणि उजेड वेगळे करण्याची फ्रिक्वेन्सी सेपरेशनची पद्धत इथे फारशी उपयोगी वाटत नाही, कारण चौकोन मोठे असल्याने त्यांचा रंग छायेबरोबर खालच्या लेयरमध्येच उतरतो.

अशा वेळी छायेचा रंग चुणीतल्या पांढऱ्या चौकोनावरून उचलावा, की मास्क लावलेल्या Curves मध्ये निळा चॅनेल वेगळा हाताळावा? ज्यांनी चौकडीच्या कापडावर हे काम केले आहे, त्यांनी कृपया आपला क्रम सांगावा.