सिनियरने ऐनवेळी टाकलेलं काम, नाही म्हणायचं तर कसं?

निशिगंध: माझे रिपोर्टिंग मॅनेजर नाहीत पण सात वर्षं सिनियर आहेत. गुरुवारी संध्याकाळी पाचला म्हणाले, ह्या चार शीट जुळवून सकाळी दे. माझा स्वतःचा रिपोर्ट शुक्रवारी बाराला जायचा होता. मी "बघते सर" म्हटलं आणि रात्री दोनपर्यंत बसले. नीट नकार कसा द्यायचा, मराठीत आणि इंग्रजीत?

जुनाखांब: तुझं "बघते" त्यांना "हो" असंच ऐकू गेलं. "आय विल ट्राय" पण तसंच, सकाळी फाइल मागायला येणारच. नकार आधी स्पष्ट, मग कारण एकच, आणि पर्याय फक्त तुला खरंच झेपतील तेवढे: "सर, आज हे माझ्याकडून होणार नाही, उद्या बाराला माझा रिपोर्ट जायचाय. आत्ता अर्ध्या तासात पहिली शीट जुळवून देते, नाहीतर चारही सोमवारी दुपारपर्यंत देते. कुठलं चालेल?" इंग्रजीत "आय वोन्ट बी एबल टू डू ऑल फोर बाय टुमॉरो. आय कॅन डू द फर्स्ट वन नाऊ, ऑर ऑल फोर बाय मंडे आफ्टरनून." फोनवर "कान्ट" नको, घाईत "कॅन" ऐकू येतं, मी त्यात फसलोय.

सडेतोड: मला हे पटत नाही. पर्याय दिला की सोमवारचं काम तुझ्याच गळ्यात, पुढच्या गुरुवारी परत तेच. सरळ "नाही" म्हणायचं, कारणं द्यायची नाहीत.

जुनाखांब: गळ्यात पडतं हे खरंय, म्हणून सोमवार रिकामा नसेल तर तो पर्याय द्यायचाच नाही. पण रोज शेजारी बसणाऱ्या माणसाला नुसतं "नाही" म्हटलं तर पुढे आपल्याला अडलं की तो पण तेच म्हणतो.

मृदुला_क: माझे तर मॅनेजरच असं करतात, रविवारी पण फोन, मी सरळ फोन सायलेंटवर ठेवते.

जुनाखांब: ते वेगळं, मॅनेजरनेच दिलं तर नकारापेक्षा क्रम विचारायचा, "विच वन शुड आय फिनिश फर्स्ट?" निशिगंधच्या केसमध्ये पण सर ऐकतच नसतील तर "माझ्या मॅनेजर मॅडमना विचारून सांगते, दोन्हीतलं आधी कुठलं करू" म्हणता येतं, फक्त मग खरंच विचारायचं, नुसती धमकी वाटली की संबंध बिघडतात.

निशिगंध: ते मराठीत बोलतात पण मेसेज इंग्रजीत करतात, मी कशात बोलू?

जुनाखांब: ज्या भाषेत मागितलं त्यातच नकार. तोंडी ठरलं की दोन ओळींचा मेसेज टाक: "अ‍ॅज डिस्कस्ड, ऑल फोर शीट्स बाय मंडे आफ्टरनून." नाहीतर शुक्रवारी चारही शीटची वाट बघत बसतील.

सडेतोड: मेसेजचं मान्य. सोमवारचं अजूनही नाही, तिने पहिल्या शीटवरच थांबायला हवं.