बाँड पोर्टफोलिओचं यील्ड: ७ टक्के की ७.८२?

म्हापशेकर: माझ्याकडे मधे व्याज न देणारे, म्हणजे झिरो कूपन, दोन सरकारी रोखे आहेत, आजच्या भावाने प्रत्येकी ५ लाखांचे. एक २ वर्षांचा, ६ टक्क्यांचा; दुसरा २० वर्षांचा, ८ टक्क्यांचा. सरासरी ७ येते, पण तारखांवरून परतावा काढणारा एक्सेलचा XIRR ७.८२ दाखवतो. कुठे चुकतंय?

साखळीकर: तारखा चुकल्या असतील, तपास. निम्मे-निम्मे पैसे म्हणजे ७. बँकेत आम्ही आयुष्यभर हेच केलं.

पणजीची अपर्णा: तारखा बरोबर आहेत, काका. दोन वर्षांनी पहिल्याचे ५.६२ लाख हातात आले की तो हिशेबातून गेला. पुढची अठरा वर्षं एकटा ८ टक्केवाला पळतो, म्हणून त्याचं वजन जास्त. किमतीला ड्युरेशनने, म्हणजे दर १ टक्का हलला तर भाव साधारण किती टक्के हलतो त्या आकड्याने, गुणून वजनं घ्या; किमती सारख्याच, म्हणून ती १.८९ आणि १८.५२. उत्तर ७.८२ येतं.

साखळीकर: मग माझं ७ खोटं का? दर जागेवर राहिले तर वर्षभरात एक ३० हजारांनी वाढेल, दुसरा ४० हजारांनी. दहा लाखांवर सत्तर हजार!

अपर्णा: हे मात्र खरं. येत्या वर्षाच्या कमाईला ७ च बरोबर. रोखे मुदतीपर्यंत ठेवून बाकी काही न करण्याचा आकडा ७.८२.

डिचोलीची वैनी: आमच्या पप्पांकडे गोवा सरकारचे कर्जरोखे, एसडीएल, आहेत. मी घेतलेल्या किमतीवर सरासरी काढते. चालेल ना?

अपर्णा: नाही वैनी, आजचा बाजारभाव घ्या. यील्ड आजच्या भावावर आणि वजन जुन्या भावाचं, असं नको.

म्हापशेकर: आणि ड्युरेशन? सरासरी १०.२ आली. म्हणजे दर १ टक्का चढला तर १.०२ लाख गेले?

अपर्णा: दोन्ही दर सारखेच चढले तर साधारण तसं. नेमका हिशेब केलात तर ९३,५०० जातात, कारण लांबचा रोखा पडताना थोडा सावरतो; थोड्या बदलाला सरासरी चोख बसते. खरी गोम वेगळी आहे. फक्त २ वर्षांचा दर १ टक्का चढला तर तुमचे ९,३०० जातात. फक्त २० वर्षांचा चढला तर ८४,०००. १०.२ हा एकच आकडा यातलं काहीच सांगत नाही. तेवढ्याच ड्युरेशनचा एकटा रोखा घेतला तर त्याचं नुकसान मधल्या मुदतीच्या दरावर ठरेल.

साखळीकर: दर असे वेगवेगळे कितीदा हलतात गो?

अपर्णा: रिझर्व्ह बँकेने रेपो बदलला की जवळचे दर लगेच हलतात, लांबचे हट्टी असतात. रोजच बघतो आपण.

साखळीकर: तरी पेन्शनवाल्याने मुदतीपर्यंत ठेवला तर भाव कुठे का जाईना.

म्हापशेकर: काका, मध्येच घर दुरुस्तीला पैसे लागले तर? आणि १० वर्षांच्या रोख्याशी तुलना करताना ७ धरू की ७.८२?

अपर्णा: दोन वर्षांनी येणारे ५.६२ लाख कुठे लावणार, ते आधी सांगा.