‘फेज’ म्हणजे अवस्था का? आणि लिव्हर रूलमध्ये उलटी बाजू का घ्यायची?

मृणाल_लिहिते
नमस्कार मंडळी. डिप्लोमाच्या पोरांसाठी शिसं-कथिलाच्या फेज डायग्रामवर मराठीत नोट्स लिहितेय. फेजला काही जण ‘प्रावस्था’ लिहितात, काही सरळ ‘अवस्था’. मला अवस्था सोपं वाटतं कारण स्थायू-द्रव-वायू शाळेपासून अवस्थाच म्हणतो ना आपण, मग प्रावस्था कशाला? दुसरं, ट्रिपल पॉइंटला त्रिक बिंदू म्हणायचं की त्रिबिंदू, आणि शिसं-कथिलाच्या आलेखात तो नेमका कुठे दाखवायचा? तिसरं म्हणजे लिव्हर रूल. तरफेचा नियम असं लिहिलंय, पण द्रव किती ते काढताना द्रवाच्या बाजूचं अंतर न घेता पलीकडचं घ्यायचं, हे पोरांना कसं पटवायचं ते सांगा.

शब्दखूण
मृणालताई, अवस्था चालेल की. प्रावस्था हा कोशातला शब्द, बोलण्यात कुणी वापरत नाही, अर्थ दोन्हीचा एकच. आणि शिसं-कथिलाचा त्रिक बिंदू म्हणजे ते युटेक्टिक, १८३ अंशावरचं. तिथे द्रव आणि दोन स्थायू असे तिघं एकत्र असतात, तीन म्हणजे त्रिक, हिशोब जुळतो.

भट्टीवाले_काका
शब्दखूण, तिघं एकत्र असतात हे बरोबर, पण बाकी दोन्ही गोष्टी सोडवून घ्यायला हव्यात, नाहीतर पोरं आलेख चुकीचा वाचायला लागतील.

आधी अवस्था. मृणालताई, ४० टक्के कथील आणि ६० टक्के शिसं असलेला तुकडा घ्या आणि तो १०० अंशावर आहे असं धरा. अवस्था विचारली तर उत्तर एकच, स्थायू. पण आलेखात ती जागा आल्फा अधिक बीटा अशी लिहिलेली आहे, म्हणजे शिशाची स्फटिकरचना असलेला एक भाग ज्यात थोडं कथील विरघळलंय, आणि कथिलाची स्फटिकरचना असलेला दुसरा ज्यात अगदी थोडं शिसं आहे, आणि दोघांमध्ये स्पष्ट सीमा. अवस्था एक, प्रावस्था दोन. ‘अवस्था’ लिहिलंत तर ‘या क्षेत्रात दोन अवस्था आहेत’ असं वाक्य लिहावं लागेल आणि पोरगं विचारणार की दुसरी कुठली, द्रव तर नाहीये. तेल आणि पाण्याचंही तेच, दोन्ही द्रव, तरी प्रावस्था दोन. म्हणून शब्द जड वाटला तरी ठेवा, किंवा सरळ फेज लिहा, पण अवस्था नको.

बेंचवरचा_माणूस
मी मोबाईल आणि बोर्ड रिपेअर करतो, मला या शब्दांतलं फार कळत नाही पण १८३ वाचून थांबलो. आमच्याकडे डाखाचे ६३/३७ आणि ६०/४० असे दोन वायर येतात, पहिला आकडा कथिलाचा. ६३/३७ वितळतो तो एकदम आणि घट्ट होतो तोही एकदम. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या जाड कामाला ५०/५० वापरला होता, तो मात्र मधेच लापशीसारखा होतो, ना धड पातळ ना धड घट्ट, आणि त्या वेळी वायर हलली की जॉइंट दाणेदार, मळकट दिसतो, पुढे कधीतरी सुटतो. हे तुमच्या आलेखात दिसतं का?

भट्टीवाले_काका
अगदी दिसतं, आणि ते नोट्समध्ये घालाच मृणालताई. ५० टक्क्यांवर उभी रेष काढा आणि वरून खाली या. साधारण २१५ अंशापर्यंत सगळा द्रव. तिथे वरची तिरकी रेष ओलांडली की आल्फाचे दाणे पडायला लागतात आणि १८३ येईपर्यंत दाणे आणि द्रव एकत्रच राहतात. ही जी मधली पाचरीसारखी जागा आहे ना, द्रव अधिक आल्फा, तीच दादांची लापशी. ६३ वर रेष काढली तर ती पाचर जवळजवळ टोकालाच संपते, युटेक्टिक ६१.९ टक्क्यांवर आहे, म्हणून ६३/३७ मध्ये मधला टप्पा जाणवतच नाही. ६०/४० मध्ये असतो, पण काही अंशांचाच.

स्वरा_टीवाय
काका एक शंका, कदाचित बावळट वाटेल. आम्हाला पाण्याचा डायग्राम आहे, दाब आणि तापमानाचा. त्यात बर्फ-पाण्याच्या रेषेवर बिंदू असेल तर लिव्हर रूल लावून बर्फ किती ते कसं काढायचं? अंतर कुठून कुठे मोजू तेच कळत नाहीये, रेषेवर तर एकच बिंदू आहे.

भट्टीवाले_काका
बावळट अजिबात नाही, शब्दखूणने जे लिहिलं त्याचं मूळही इथेच आहे. तिथे लिव्हर रूल लागतच नाही स्वरा. पाण्याच्या आलेखात आडवा अक्ष तापमानाचा, उभा दाबाचा, घटक एकच. तिथे क्षेत्र म्हणजे एक प्रावस्था, रेष म्हणजे दोन एकत्र, आणि बिंदू म्हणजे तीन. ०.०१ अंश सेल्सिअस आणि ६११.७ पास्कलच्या आसपास बर्फ, पाणी, वाफ तिन्ही. बर्फ किती हे त्या आलेखात लिहिलेलंच नसतं, ते तुम्ही किती उष्णता दिली त्यावर ठरतं, शून्य अंशावर पातेल्यात चिमूटभर बर्फ असो की पातेलंभर, बिंदू तोच.

शिसं-कथिलाच्या आलेखात आडवा अक्ष आहे कथिलाच्या टक्केवारीचा. दाब एक वातावरण धरून बाजूला ठेवलेला. त्यामुळे सगळं एक पायरी सरकतं. दोन प्रावस्था आता रेषेवर नाहीत, अख्ख्या क्षेत्रात पसरल्यात, आणि तीन प्रावस्था एका आडव्या रेषेवर आल्या. १८.३ पासून ९७.८ टक्क्यांपर्यंत १८३ अंशावर जी आडवी रेष आहे तिच्यावर कुठेही उभे राहा, तिघं एकत्र असू शकतात. म्हणजे शब्दखूण ज्याला त्रिक बिंदू म्हणतोय तो बिंदूच नाही, रेष आहे. युटेक्टिक बिंदू हे त्या रेषेवर द्रवाची टक्केवारी सांगणारं ठिकाण.

शब्दखूण
हां, रेषेचं पटलं. पण तापमान तर १८३ च ठरलेलं आहे ना, पाण्याच्या त्रिक बिंदूसारखंच. १९५४ पासून २०१९ पर्यंत केल्व्हिनची व्याख्याच पाण्याच्या त्रिक बिंदूवर होती, तो नेमका २७३.१६ केल्व्हिन धरायचे, इतका तो अढळ. मग युटेक्टिकपण अढळच की.

भट्टीवाले_काका
अढळ आहे तो आपण दाब अडकवून ठेवलाय म्हणून. गिब्जचा नियम लावून बघ, F = C − P + 2. पाण्याला घटक एक, प्रावस्था तीन, उत्तर शून्य, काहीच बदलता येत नाही. शिसं-कथिलाला घटक दोन, प्रावस्था तीन, उत्तर एक. तो एक म्हणजे दाब, दाब वाढवला तर युटेक्टिकचं तापमान आणि टक्केवारी दोन्ही थोडी सरकतात. पाण्याच्या त्रिक बिंदूला तसं सरकायला जागा नाही. दोन घटकांत खरोखर अढळ बिंदू हवा असेल तर चार प्रावस्था एकत्र हव्यात, वाफसुद्धा धरून. म्हणून मृणालताई, या आलेखात त्रिक बिंदू दाखवूच नका, युटेक्टिक असंच लिहा.

मृणाल_लिहिते
बरं झालं विचारलं, मी आकृतीत बाण काढून ‘त्रिक बिंदू’ लिहूनही टाकलं होतं, खोडते. आता तरफ सांगा ना.

भट्टीवाले_काका
सूत्र विसरा, कथिलाचे ग्राम मोजा. ४० टक्केवाला मिश्रधातू १०० ग्राम घ्या, म्हणजे कथील ४० ग्राम. तापमान १८३ च्या जरासं वर. आडवी रेष काढा, डावीकडे ती आल्फाच्या सीमेला १८.३ वर भिडते, उजवीकडे द्रवाच्या सीमेला ६१.९ वर. या दोन आकड्यांचा अर्थ आल्फात कथील १८.३ टक्के आणि द्रवात ६१.९ टक्के, एवढाच. किती आल्फा आणि किती द्रव हे अजून कळलेलं नाही, आणि पोरं बहुतेक इथेच घोळ घालतात, ६१.९ टक्के द्रव आहे असं लिहून मोकळी होतात.

आता समजा सगळा आल्फाच असता. कथील फक्त १८.३ ग्राम बसलं असतं. आपल्याकडे आहे ४०, म्हणजे २१.७ ग्राम जास्तीचं. ते कोण सांभाळणार, तर द्रव. आल्फाचा एक ग्राम काढून द्रवाचा एक ग्राम ठेवला की कथील ०.४३६ ग्रामने वाढतं. २१.७ भागिले ०.४३६, आलं ४९.८ ग्राम द्रव, उरलेला ५०.२ ग्राम आल्फा. हे २१.७ म्हणजे ४० पासून आल्फाच्या टोकापर्यंतचं अंतर. आल्फापासून जितकं लांब जाल तितका द्रव जास्त लागतो, म्हणून द्रवासाठी पलीकडचं अंतर. तराजूची दांडी ४० वर टेकवली तर जड पारडं आखूड बाजूला लागतं, तेच इथे, म्हणून तरफ हा शब्द मला अगदी चपखल वाटतो.

स्वरा_टीवाय
आणि बरोबर १८३ वर किती?

भट्टीवाले_काका
तिथे तरफ चालत नाही, तीन प्रावस्था असतात आणि दांडीला टोकं दोनच. जरासं वर काढा, नाहीतर जरासं खाली. खाली काढलंत तर टोकं १८.३ आणि ९७.८, मग आल्फा ७२.७ ग्राम आणि बीटा २७.३.

मृणाल_लिहिते
थांबा, वर आल्फा ५०.२ होता, खाली ७२.७ कसा झाला? आणि मायक्रोस्कोपच्या फोटोत मला आल्फाचे मोठे गोळे जेमतेम अर्धे दिसतात, बाकी पट्टे पट्टे.

भट्टीवाले_काका
फोटो बरोबर आहे. तो ४९.८ ग्राम द्रव गोठताना त्याचेही आल्फा आणि बीटा झाले, पातळ पट्ट्यांच्या रूपात. साधारण २२.५ ग्राम आल्फा त्या पट्ट्यांत आहे. ७२.७ मध्ये गोळ्यांतला आणि पट्ट्यांतला असा सगळा आल्फा आला. पट्टेदार भाग ही तिसरी प्रावस्था नव्हे, दोघांचं मिश्रण आहे. गोळे किती आहेत ते हवं असेल तर १८३ च्या वरची तरफ, प्रावस्था किती ते हवं असेल तर खालची. आणखी एक, आलेख वजनाच्या टक्क्यांचा आहे, फोटोत दिसतं ते क्षेत्रफळ. शिशाने भरलेला आल्फा जास्त घनतेचा, त्यामुळे तो फोटोत वजनापेक्षा थोडा कमीच दिसणार. शिवाय हे सगळं सावकाश थंड केलेल्या तुकड्याचं. भरभर गार केलं तर गोळ्यांच्या आतल्या भागात कथील कमी आणि कडेला जास्त राहतं, आणि आकडे हलतात.

बेंचवरचा_माणूस
म्हणजे ५०/५० मध्ये १८३ च्या वर द्रव जास्त आहे का? ४० मध्ये तर अर्धाच निघाला.

स्वरा_टीवाय
मी काढू का? ५० वजा १८.३, ३१.७. भागिले ४३.६. ७२.७ टक्के द्रव.

भट्टीवाले_काका
बरोबर. ४० मध्ये अर्धं घट्ट असल्यामुळे ती लापशी दाट, पूर्वीचे प्लंबर अशाच कमी कथिलाच्या मिश्रणाने शिशाच्या पाइपांचे जोड फडक्याने पुसून आकार देत बसवायचे, त्यांना तो रेंगाळणारा टप्पा हवाच असायचा.

विहीणबाई
मधेच विचारते, कल्हईचं कथील आणि हे डाखाचं कथील एकच का? आमच्याकडे पितळी पातेली आहेत.

बेंचवरचा_माणूस
नाही हो ताई, या डाखात शिसं असतं, जेवणाच्या भांड्याला ते चालणारच नाही. कल्हईला शुद्ध कथील लागतं.

शब्दखूण
काका, माझ्याकडच्या एका पुस्तकात आल्फाची मर्यादा १९.२ दिलीय आणि बीटाची ९७.५. तुम्ही १८.३ आणि ९७.८ घेतलेत.

भट्टीवाले_काका
दोन्ही छापलेले सापडतात. १९.२ घेतलंस तर ४० टक्क्यांचा द्रव ४८.७ येतो, म्हणजे एखाद टक्क्याचा फरक. मृणालताई, कुठलाही घ्या पण नोट्सभर एकच घ्या.

मृणाल_लिहिते
१८.३ ठेवते. प्रावस्था पक्कं, तरफेचा नियम पक्का. त्रिक बिंदू की त्रिबिंदू ते राहिलंच, पाण्याच्या धड्यात लागणार आहे. मला त्रिबिंदू म्हटलं की एकापुढे एक तीन टिंबं डोळ्यापुढे येतात, म्हणून त्रिककडे कल आहे.

शब्दखूण
मी त्रिबिंदूच्या बाजूने, सुटसुटीत आहे, टिंबांचा गोंधळ वाक्यात होणार नाही. बाकीच्यांचं काय मत?