रेफरलसाठी विचारून महिना झाला, उत्तर नाही. परत कसं विचारू?

रामबागची_टेस्टर: मी इंदूरला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते. कॉलेजचा एक सीनियर पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. तिथे जागा निघाली तेव्हा त्याला व्हॉट्सॲपवर रेझ्युमे पाठवून रेफर करशील का विचारलं. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. महिना होऊन गेला. त्याचं घर आमच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळे आई म्हणते, "मी काकूंशी बोलते." ते मला अजिबात नकोय. त्याला अवघड वाटू नये आणि मलाही काय ते कळावं, असं काय लिहू?

सुदामानगर_काकू: माझ्या लेकालाही एमएससाठी सरांकडून शिफारसपत्र हवं होतं. विद्यापीठाची शेवटची तारीख सांगितली आणि सरांनी दिलं. तूही सांग.

रामबागची_टेस्टर: काकू, हे नोकरीचं आहे, पत्र नाही. त्याने कंपनीच्या पोर्टलवर माझं नाव टाकायचं असतं.

माळव्याचा_पोहा: एवढा विचार कशाला? साइटवर अर्ज करून टाक, रेफरल मागून जोडता येतं. जागा काय महिनाभर थांबते का?

बडोदेकर_एचआर: जागा थांबत नाही हे खरं, पण क्रम उलटा आहे. बऱ्याच कंपन्यांत उमेदवाराचा अर्ज आधीच सिस्टिममध्ये असला की त्यावर रेफरल धरत नाहीत. म्हणून आधी करिअर पेजवर तो जॉब आयडी अजून उघडा आहे का बघ.

तो गप्प का असेल, याचा एक अंदाज. मी बघितलेल्या फॉर्ममध्ये "या व्यक्तीला कसं ओळखता, हिचं काम पाहिलंय का" असं विचारतात. तुझं काम त्याने पाहिलेलं नसेल, तर तिथेच माणूस अडतो आणि नाही म्हणायचंही जिवावर येतं. जुन्या मेसेजलाच रिप्लाय कर, म्हणजे त्याला शोधाशोध नको. "वाचलास ना" हा विषय काढूच नकोस. असं लिही:

"दादा, ही जागा अजून उघडी दिसतेय, जॉब आयडी खाली देते. मी अजून थेट अर्ज केलेला नाही. फॉर्मसाठी माझ्या कामाबद्दल तीन ओळी लिहून ठेवल्यात, कॉलेजची ओळख एवढंच लिहिलंस तरी चालेल. जमण्यासारखं नसेल तर काही हरकत नाही. शुक्रवारी मी साइटवरून अर्ज करून टाकेन."

शुक्रवार हा तुझ्या अर्जाचा दिवस आहे, त्याच्या उत्तराचा नाही. तो गप्प राहिला तरी तुझं काम अडत नाही. त्यानंतर तिसरा मेसेज नको.

रामबागची_टेस्टर: पाहिलं. ती जागा बंद झालीय. तशीच दुसरी आहे, पण अनुभव चार वर्षं मागतात, माझा तीनचा.

बडोदेकर_एचआर: मग नवा आयडी दे आणि अनुभवाचं आधीच स्पष्ट लिही, त्याला नंतर खाली बघावं लागू नये. एका वर्षाच्या फरकाने चाळणीत जाशील की नाही, हे कंपनीवर आहे.

माळव्याचा_पोहा: गणपतीला इंदूरला येईलच की तो. समोरासमोर विचार.

रामबागची_टेस्टर: घरच्यांसमोर? तो नाही कसं म्हणेल मग? मेसेजच करते. आईला काय सांगू, ते मात्र अजून सुचलेलं नाही.