मदत हवी आहे: एकाच बिलाचे थोडे पैसे वॉलेटमधून, थोडे कार्डने. काउंटरवर घ्यायचे कसे?

उदगीरचा_गल्ला

नमस्कार मंडळी. उदगीरला आमचं तयार कपड्यांचं दुकान आहे. माल दादा बघतो, गल्ला माझ्याकडे. लग्नसराई लागली की एक प्रकार हमखास होतो. गिऱ्हाईक म्हणतं, "वॉलेटात अठराशे-एकोणीसशे पडून आहेत, तेवढे घ्या अन् बाकीचं कार्ड घासा."

परवाचंच बघा. एक ब्लेझर, बिल 4,720. वॉलेटात 1,850 होते, म्हणजे कार्डवर 2,870. मशीनवर 2,870 मारले, पिन टाकला, चिठ्ठी निघाली. मग भिंतीवरच्या क्यूआरवर त्यांनी 1,850 पाठवले. त्यांच्या फोनवर पैसे गेलेले दिसतात अन् आमचा साउंडबॉक्स गप्प. मागं ही रांग. माणूस ओळखीचा होता म्हणून ब्लेझर दिला, पैसे रात्री उशिरा जमा झाले. अनोळखी असता तर काय केलं असतं?

विचारायचं एवढंच: आधी कार्ड घ्यावं की वॉलेट? बिलात दोन्ही कसं दाखवायचं? अन् कपडा परत आला तर पैसे कुठं परत करायचे?

नांदेडचा_राजू

सोप्पंय की राव. वॉलेटात कार्डवरून पैसे भरायला सांगायचे अन् सगळे 4,720 एकदाच क्यूआरवर घ्यायचे. उगं दोन-दोन भानगडी कशाला करायलाव?

उदगीरचा_गल्ला

राजूभाऊ, कार्डवरून वॉलेट भरताना बऱ्याच ठिकाणी गिऱ्हाइकालाच चार्ज लागतो, अन् ज्यांची केवायसी अर्धवट आहे त्यांच्या वॉलेटात 10,000 च्या वर ठेवताच येत नाहीत. शिवाय काउंटरवर उभं राहून हे कोण करणार? माझा प्रश्न दोन्ही वेगवेगळे घेण्याचा आहे.

गंगाखेडकर_होलसेल

दोन बिलं करा. एक 1,850 चं, एक 2,870 चं. एकावर वॉलेट, दुसऱ्यावर कार्ड. संध्याकाळी ताळा आपोआप जमतो. आम्ही किराण्यात असंच करतो, कधी अडलं नाही.

परभणीची_लेखनीस

काका, किराण्यात चालून जातं कारण तिथं वस्तू पुष्कळ असतात, निम्म्या इकडं निम्म्या तिकडं टाकता येतात. इथं ब्लेझर एकच आहे. त्याचे दोन तुकडे करून दोन बिलं कशी करणार?

आणि कपड्याच्या जीएसटीत हे चांगलंच अंगाशी येतं. 22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्याला नगामागे 2,500 पर्यंत 5 टक्के आणि त्यावर 18 टक्के आहे. हा ब्लेझर मूळ 4,000 चा, त्यावर 720 कर, असे 4,720. दोन बिलांत फोडला की दोन्ही बिलं 2,500 च्या आत दिसायला लागतात आणि सॉफ्टवेअर बिनधास्त 5 टक्के लावून मोकळं होतं. तुमच्या मनात काही नसलं तरी कागदावर ती करचुकवेगिरीच दिसणार. कर वस्तूवर लागतो. पैसे किती वाटांनी आले याच्याशी त्याचा संबंध नाही. बिल एकच, नंबर एकच, खाली भरणा दोन ओळींत.

टॅलीत पीओएसचं बिल करत असाल तर मल्टी मोड घ्या. गिफ्ट व्हाउचर, कार्ड, चेक, रोख असे रकाने येतात. आमच्याकडच्या टॅलीत वॉलेटचा वेगळा रकाना नाही, म्हणून मी चेकच्या रकान्यात "क्यूआर जमा" नावाचं बँक गटातलं खातं लावून ठेवलंय. चेक तसेही कोण देतंय आता. म्हणजे ओळी अशा पडतात: कार्ड 2,870, क्यूआर 1,850, रोख शून्य.

जालन्याचा_मशीनवाला

मी दुकानांत स्वाइप मशीन बसवतो, बिघडली की बघायलाही मीच जातो. त्यामुळं या भांडणाच्या मधोमध कित्येकदा उभा राहिलोय.

आधी एक गोष्ट डोक्यात घ्या. तुमचं मशीन आणि भिंतीवरचा क्यूआर एकमेकांना ओळखत नाहीत. मशीनला माहीत आहे 2,870, क्यूआरला माहीत आहे 1,850. दोन्ही मिळून 4,720 होतात हे फक्त तुमच्या बिलाला माहीत असतं. त्यामुळं एक झाला आणि दुसरा अडकला, तर पहिला आपोआप मागं फिरत नाही. तो तुम्हालाच फिरवावा लागतो.

म्हणून मी सांगतो, आधी वॉलेट. वॉलेटात किती आहेत हे गिऱ्हाइकालाही नेमकं माहीत नसतं. 1,850 म्हणतात अन् उघडल्यावर 1,790 निघतात. जेवढे निघतील तेवढे आधी जमा होऊ द्या, उरलेला आकडा मशीनवर टाका. कार्डवर कुठलाही आकडा चालतो. तुम्ही कार्ड आधी मारून 2,870 पक्के केले, मग वॉलेट कमी भरलं की साठ रुपयांसाठी परत कार्ड मारा नाहीतर चिल्लर शोधा.

दुसरं, भिंतीवरचा क्यूआर अशा बिलाला वापरू नका. तुमच्या मशीनवर यूपीआयचा पर्याय असेल तर तिथं 1,850 टाका, स्क्रीनवर त्याच रकमेचा क्यूआर येतो. तो स्कॅन झाला की मशीन स्वतःच चिठ्ठी काढतं. दोन्ही चिठ्ठ्या एकाच मशीनच्या, रात्रीच्या रिपोर्टात दोन्ही एकत्र. फक्त गिऱ्हाइकाचं वॉलेट यूपीआयला जोडलेलं असायला हवं. नसेल तर त्या कंपनीचाच क्यूआर लागतो.

साउंडबॉक्स बोलला नाही म्हणजे पैसे आले नाहीत असं नसतं. नेट गेलं तरी तो गप्प बसतो. गिऱ्हाइकाचा स्क्रीनशॉट बघून माल देऊ नका, तसे खोटे बनवतात लोक. त्यांच्या व्यवहारातला बारा आकडी नंबर घ्या अन् तुमच्या व्यापारी ॲपमध्ये तोच नंबर दिसतो का ते बघा. दिसला तर माल द्या.

अंबाजोगाई_मेडिकल

आमच्या मेडिकलला उलटं झालं होतं. वॉलेटचे 600 अडकले, पोराने पेशंटच्या नातेवाइकाकडून तेच 600 परत घेतले. नंतर दोन्ही जमा झाले. ते बिचारे बीडहून आलेले, त्यांचा नंबरही कुणी घेतलेला नाही. तेव्हापासून वॉलेट घेणंच बंद केलंय. रोख द्या नाहीतर कार्ड. याला काही उपाय आहे का, की आमचंच बरोबर?

जालन्याचा_मशीनवाला

बंद करायची गरज नाही. "पेंडिंग" दिसलं की तीच रक्कम त्याच वाटेनं परत घ्यायची नाही, एवढं पोराला सांगा. बिल होल्डवर टाका, मोबाईल नंबर घ्या. घाईच असेल तर अडकलेली रक्कम रोख किंवा कार्डने घ्या आणि बिलावर लिहून द्या की क्यूआरचे 600 जमा झाले तर परत करू.

रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. खात्यातून पैसे गेले आणि दुकानाला जमा झाल्याची खबर आली नाही, तर यूपीआयचे असोत की कार्डचे, व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत जायला हवेत. त्यापुढं रोज 100 रुपये भरपाई. वॉलेट कंपनीच्या स्वतःच्याच क्यूआरवर वॉलेटातून दिले असतील तर मुदत एकच दिवस. म्हणजे पैसे बुडत नाहीत, पण काउंटरवर त्या क्षणी कुणाच्याच हातात नसतात.

लातूर_मोबाईल_शॉपी

मशीनवाले साहेब, तुमचं सगळं पटलं पण "आधी वॉलेट" नाही पटलं. मी कायम आधी कार्ड घेतो. कारण वॉलेट अडकलं तर कार्डचा व्यवहार मशीनवर लगेच व्हॉइड करता येतो. चिठ्ठीवरचा इन्व्हॉइस नंबर टाकला की झालं. वॉलेट आधी घेतलं अन् कार्ड नाकारलं, तर वॉलेटचे पैसे परत पाठवायला व्यापारी ॲपमधून रिफंड टाका अन् गिऱ्हाइकाची बोलणी खा. आमच्याकडे बिलं वीस-पंचवीस हजारांची असतात, तिथं कार्ड नाकारणं रोजचं आहे.

जालन्याचा_मशीनवाला

हे तुमच्या धंद्याला बरोबर आहे, मानतो. पण व्हॉइड फक्त सेटलमेंटच्या आधी होतो. बॅच एकदा गेली की व्हॉइड नाही, रिफंडच, आणि त्याला कार्डवाल्या बँकेचे दिवस लागतात. काही मशीनं रात्री स्वतःच सेटलमेंट मारतात. रात्री दुकान आवरता-आवरता असं बिल आलं तर हे ध्यानात ठेवा. अन् कार्ड नाकारलं तर तीन हजारांच्या बिलात माणूस उरलेले रोख देतो, पंचवीस हजारांच्या बिलात देत नाही. फरक तिथं पडतो.

गंगाखेडकर_होलसेल

वॉलेटला चार्ज कापतात ना पण? आम्ही वॉलेटवाल्याकडून 1 टक्का वर घेतो.

परभणीची_लेखनीस

काका, सरसकट नाही. यूपीआयच्या क्यूआरवर कुणी बँक खात्यातून दिले तर दुकानदाराला चार्ज नाही. यूपीआयला जोडलेल्या वॉलेटातून दिले आणि रक्कम 2,000 च्या वर असली तरच एप्रिल 2023 पासून इंटरचेंज लागतो. तो जास्तीत जास्त 1.1 टक्के, धंद्याप्रमाणे कमीही असतो, आणि गिऱ्हाइकाकडून घ्यायचा नसतो. इथले 1,850 त्याच्या खालीच आहेत. वॉलेट कंपनीचा स्वतःचा क्यूआर असेल तर तिच्याशी काय ठरलंय ते बघा.

उदगीरवाले दादा, कार्डचं मात्र आताच सांगते, नाहीतर बँकेच्या स्टेटमेंटात गोंधळ वाटेल. 2,870 च्या 2,870 जमा होणार नाहीत. साधं डेबिट कार्ड असेल आणि तुमची उलाढाल 20 लाखांच्या वर असेल, तर 0.90 टक्क्यापर्यंत कापू शकतात. पूर्ण कापले तर 25.83, त्यावर जीएसटी 4.65, म्हणजे हातात 2,839.52. रुपे डेबिट असेल तर कपात नाही. क्रेडिट कार्डाचा दर तुमच्या करारावर. बिलात मात्र कार्डच्या ओळीत 2,870 च लिहायचे, कपात खर्चात जाते. पोरं जमा रकमेवरून बिल "दुरुस्त" करतात, मग आठवडाभर ताळा लागत नाही.

उदगीरचा_गल्ला

ताई, मशीनवाले दादा, लई उपकार झाले. परतीचं तेवढं राहिलं. समजा तो ब्लेझर बदलून त्यांनी 3,540 चा घेतला. फरक 1,180. हे वॉलेटात टाकू, कार्डवर टाकू की दोन्हीकडं वाटून?

जालन्याचा_मशीनवाला

ज्या वाटेनं आले त्याच वाटेनं, आणि त्या वाटेनं आले त्यापेक्षा जास्त नाही. 1,180 दोन्हींत बसतात, म्हणून एकाच ठिकाणी करा, वाटायच्या फंदात पडू नका. मी कार्डवर करीन. पूर्ण परत असेल तर मात्र 1,850 वॉलेटला, 2,870 कार्डला. कार्डचे पैसे रोखीत परत देऊ नका, त्यावरून बँक मशीन काढून नेऊ शकते.

लातूर_मोबाईल_शॉपी

मी वॉलेटात करीन. लवकर दिसतात, गिऱ्हाईक फोन करत बसत नाही.

परभणीची_लेखनीस

कुठंही करा, पण क्रेडिट नोटवर मूळ बिलाचा नंबर आणि ज्या व्यवहारातून परत केले त्याचा आरआरएन लिहा. वर्षअखेरीला मला तेवढंच लागतं.

उदगीरचा_गल्ला

आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये एका बिलाला भरण्याचा एकच प्रकार निवडता येतो, ते आता दिसलं. विक्रेता म्हणतो दोन प्रकार हवे असतील तर वरचं व्हर्जन घ्या, पैसे वेगळे. तोवर बिल "उधार" करून दोन जमा पावत्या टाकल्या तर चालेल का ताई?

परभणीची_लेखनीस

चालेल. दोन्ही पावत्यांवर बिल नंबर टाका आणि उधारी शून्य झाली का ते त्याच दिवशी बघा.