ई-मेलवर ठरलेल्या कामाला ‘सभा’ दाखवायची का?

वाचनालय_सचिव: नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या वाचनालयाची कार्यकारिणी सात जणांची. छताच्या वॉटरप्रूफिंगचं ई-मेलवरच ठरलं, काम झालं, ९ जूनला चेक दिला. आता ऑडिटर ठराव मागतोय. ५ जूनला सभा झाली असं लिहून सह्या घेतल्या तर काय बिघडतं? सगळ्यांनी हो म्हटलंच आहे. सगळे मेल खाली चिकटवलेत.

धंतोली_जुना: मेल वाचले, आणि सगळ्यांनी हो म्हटलेलं नाही. २ जूनला तुम्ही ८५,००० चं कोटेशन पाठवलं आणि ७ तारखेपर्यंत उत्तर मागितलं. तुम्ही धरून चौघांचा होकार आला. त्यानंतर ४ जूनला दुपारी कोषाध्यक्षांनी गच्चीच्या कठड्याचं प्लास्टर जोडून ९७,००० चा आकडा टाकला. त्याला फक्त तुम्ही आणि अध्यक्ष ‘चालेल’ म्हणालात. एकजण ‘बैठकीत बोलू’ म्हणतो, एकाचं उत्तरच नाही. म्हणजे ८५,००० ला सातापैकी चार, ९७,००० ला तीन. खोट्या सभेत हा फरक गाडला जातो, म्हणून मला राग आला. शिवाय ज्या सदस्याचा मेल शिकागोहून आलाय, त्याची सही ५ जूनच्या हजेरीत कशी दाखवणार?

मनीषनगर_रहिवासी: आमच्या सोसायटीतही हेच चालतं! ग्रुपवर मेसेज पडतो, दोघंतिघं अंगठा दाखवतात, बाकीचे गप्प. पुढच्या महिन्यात वहीत लिहिलेलं असतं ‘सर्वानुमते मंजूर’. गप्प बसणं म्हणजे होकार, हे कोणी ठरवलं? लिफ्टचं कंत्राट असंच गेलं माझ्या नाकाखालून.

सदर_सीए: तुमची लिफ्ट राहू द्या. सचिवसाहेब, चौथा होकार आला त्या क्षणी ठराव मंजूर. तीच तारीख टाका, ३ जून.

धंतोली_जुना: चौथा मेल शिकागोत ३ जूनच्या रात्री साडेआठला सुटला, तेव्हा नागपुरात ४ तारखेच्या सकाळचे सात वाजले होते. नोंद इथल्या वेळेनेच करावी. आणि कंपन्यांच्या नियमात बहुमत मिळालं की लगेच मंजूर असं सरसकट नाही. त्या क्षणी उत्तर न दिलेले आणि सभेची मागणी करणारे मिळून एक तृतीयांश किंवा जास्त असतील, तर मुदतीची शेवटची तारीख धरतात. ४ जूनला सकाळी सातापैकी तिघांचं उत्तर यायचं होतं. त्या हिशेबाने ७ जून.

सदर_सीए: ते कंपनी सचिवांचं मानक, वाचनालयासारख्या सार्वजनिक न्यासाला लागत नाही.

धंतोली_जुना: लागत नाही, मान्य. न्यासाला त्याची स्वतःची नियमावली लागते, आणि सचिवांनी ती आधी उघडावी. पण त्यात याबद्दल काही नसेल, तर ७ जूनवर कोणी बोट ठेवू शकणार नाही. तोवर कोणालाही मत बदलता येत होतं.

मनीषनगर_रहिवासी: म्हणजे अंगठा चालतो की नाही? कोणीच सांगत नाही!

गोकुळपेठ_काकू: बावा, त्यांचा प्रश्न वाचनालयाचा आहे. पण अंगठा कशाला दाखवला, पहिल्या रकमेला की दुसऱ्या, हे नंतर कोण सिद्ध करणार? आमच्या महिला मंडळात यावरूनच दोन मैत्रिणींचं बोलणं तुटलं. ‘८५,००० ला माझी संमती’ असं शब्दांत लिहून घ्या.

वाचनालय_सचिव: मग वहीत लिहू काय? आणि काहून एवढं चिडता? वाचनालयाचा पैसा माझ्या घरी नाही गेला.

धंतोली_जुना: पैशाबद्दल शंका नाही. ‘सभा’, ‘उपस्थित’ हे शब्द नकोत. असं लिहा: ‘सभा न घेता ई-मेलने घेतलेला निर्णय. प्रस्ताव २ जूनला सातही सदस्यांना पाठवला, उत्तराची मुदत ७ जून. ८५,००० रुपयांच्या वॉटरप्रूफिंगला संमती ४, वाढीव रक्कम सुचवली १, सभेत चर्चा हवी १, उत्तर नाही १. निर्णयाची तारीख ७ जून.’ खाली ज्या दिवशी वहीत लिहाल, त्या दिवसाची तारीख घालून सही करा, मागची नको. प्रत्येक मेल पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख, वेळ दिसेल असा छापून मागे लावा. पुढच्या प्रत्यक्ष सभेत हा कागद वाचून नोंद घ्या.

सदर_सीए: ठीक आहे, निर्णयाची आणि नोंदीची तारीख वेगळी असलेली चालेल. मी ऑडिटर असतो तर उलट मागच्या तारखेवरच अडलो असतो. पण चेक ९७,००० चा असेल तर?

वाचनालय_सचिव: ९७,००० चाच आहे. प्लास्टर झालंय.

धंतोली_जुना: मग १२,००० मंजूर नसताना गेले. ते वेगळ्या विषयाखाली सभेपुढे ठेवा, ‘कार्योत्तर मंजुरी’ म्हणून, आणि ‘बैठकीत बोलू’ म्हणणाऱ्याला बोलू द्या.

सदर_सीए: कार्योत्तर मंजुरी मिळाली की विषय संपला.

गोकुळपेठ_काकू: आणि नाही मिळाली तर? ते बारा हजार सचिवांनी भरायचे का कोषाध्यक्षांनी?

मनीषनगर_रहिवासी: आमच्या लिफ्टच्या वेळी हाच प्रश्न विचारला होता मी. अजून उत्तर नाही.