मदत हवी आहे: हीपसॉर्ट क्विकसॉर्टपेक्षा तिप्पट स्लो कामून? दोन्ही n log n च हायेत ना

गोदातीर_पोरगं
रामराम मंडळी. नांदेडला सेकंड इयर कॉम्प्युटरला आहे. प्रॅक्टिकलसाठी क्विकसॉर्ट आन् हीपसॉर्ट दोन्ही C मधे लिहिले, `gcc -O2` लावून रँडम `int` चा अ‍ॅरे सॉर्ट करायलोय. उत्तर दोन्हीचं बरोबर येतंय पण टायमिंग बघून डोकं चालंना झालंय. १० लाख आकड्यांवर क्विकला ०.०८ सेकंद, हीपला ०.१४, म्हटलं ठीकंय, एवढं इकडंतिकडं चालतंय. मग १ कोटी आकडे घेतले तर क्विक ०.९१ आन् हीप डायरेक्ट २.९! सगळे सांगतेत की क्विकचा वर्स्ट केस n² आहे, हीपच सेफ. मग एवढा फरक येतो कुठून, आन् आकडे वाढले की फरक पण वाढतो हे कामून?

हीपचा खाली ढकलायचा भाग असा आहे:

```c
while ((c = 2*i + 1) < n) {
    if (c + 1 < n && a[c+1] > a[c]) c++;
    if (a[i] >= a[c]) break;
    swap(&a[i], &a[c]);
    i = c;
}
```

क्विकमधे पिव्हट रँडम घेतोय. लॅपटॉप साधाच, `lscpu` मधे L3 ८ एमबी दाखवतंय.

उदगीरचा_कोडर
सोप्पंय की भावा. हीपमधे एक लेव्हल खाली जायचं तर दोन कंपॅरिझन लागतेत, आधी दोन पोरांत मोठं कोण ते आन् मग बाप मोठा का पोरगं मोठं ते. म्हणजे साधारण 2 n log n. क्विकमधे रँडम पिव्हटला सरासरी 1.39 n log n च्या आसपास. बिग-ओ तो पुढचा आकडा गिळून टाकतो म्हणून पुस्तकात दोन्ही सारखे दिसतेत. विषय संपला.

गोदातीर_पोरगं
पण दादा २ भागिले १.३९ म्हणजे दीडपट पण होत नाही. माझ्याकडं १० लाखाला पावणेदोनपट आन् कोटीला तिप्पट येतंय. कंपॅरिझनचाच हिशोब असता तर पट दोन्हीकडं सारखी यायला पाहिजे होती ना?

सेवानिवृत्त_मास्तर
बाळांनो, मूळ मुद्दा सुटतोय. क्विकसॉर्टला आधीच सॉर्ट केलेला अ‍ॅरे द्या आणि शेवटचा घटक पिव्हट घ्या, मग बघा काय होतं ते. हीपसॉर्टमध्ये ती भीती नाही. परीक्षेत "कोणता चांगला" विचारलं तर हीपच लिहावं.

बालाघाट
सर, तुमचं म्हणणं खरं आहे, त्यावर खाली येतो, पण पोराचा प्रश्न रँडम डेटावरचा आहे. उदगीरकरांनी सांगितलेलं पण चूक नाही, निस्तं अर्धं आहे. (मूळचा परभणीचा, पुण्यात डेटाबेसच्या कामात आहे, हे रोजचंच झालंय.)

पोरा, तू सगळ्यात कामाची गोष्ट स्वतःच लिहिलीस, आकडे वाढले की पट वाढते. १० लाखावरून कोटीवर गेलास की n log n साधारण ११.७ पट होतो. क्विकचे ०.०८ च्या आसपासचे त्या हिशोबानं ०.९१ झाले, म्हणजे बरोबर रांगेत. हीपचे ०.१४ मात्र १.६ व्हायला पाहिजे होते आणि झाले २.९. हे वरचे सव्वा सेकंद कंपॅरिझनचे नाहीत, ते रॅमची वाट बघण्यात गेलेत.

प्रोसेसर रॅममधून कधीच एक आकडा आणत नाही, आणतो ६४ बाइटची अख्खी कॅश लाइन, म्हणजे तुझे १६ `int` एका फेरीत. L1 मधे असलेली गोष्ट चारपाच सायकलमधे हातात येते, रॅमपर्यंत जावं लागलं तर ८० नॅनोसेकंदच्या आसपास धर, म्हणजे दोनशेहून जास्त सायकल. आता तुझा लूप बघ. i वरून 2i+1 वर उडी. वरच्यावर ठीकंय, पण i एक लाख असला की पोरं दोन लाखावर, त्यांची पोरं चार लाखावर, प्रत्येक लेव्हलला नवीन लाइन आणि तिच्यातल्या १६ पैकी एक दोनच आकडे कामाचे. बाकीचे चौदा आणले काय नि न आणले काय. आणि पुढच्या वेळी मुळापासून परत खाली उतरशील तेव्हा रस्ता दुसराच असतो.

तुझ्या मशीनवर मांडून बघ. १ कोटी `int` म्हणजे ४० एमबी. ८ एमबीच्या L3 मधे वरच्या २१ लेव्हल बसतात (सढळ हातानं धरलंय, तिथं दुसरे प्रोग्रॅम पण असतात) आणि त्या वरच्या लेव्हलना सारखा हात लागत असल्यामुळं त्या कॅशमधे टिकतात पण. पण कोटी आकड्यांच्या झाडाला २४ लेव्हल आहेत, शेवटची अर्धवट. म्हणजे प्रत्येक आकडा काढताना खालच्या दोन, कधी तीन लेव्हलला रॅमची चक्कर. दोनच धरल्या तरी २ कोटी चकरा, गुणिले ८० नॅनोसेकंद, १.६ सेकंद. तुझे जास्तीचे सव्वा सेकंद आलेत, कमी येण्याचं कारण एकतर हीप हळूहळू लहान होत जातो आणि दुसरं म्हणजे प्रोसेसर अंदाज लावून पुढची लाइन आधीच मागवून ठेवतो, काही अंदाज लागतात. १० लाखावर अख्खा अ‍ॅरेच ४ एमबीचा, L3 मधे मावतो, म्हणून तिथं हे दिसलंच नाही.

आता क्विककडं ये. पार्टिशन दोन्ही टोकांकडून सरळ चालत येतं, आलेल्या लाइनमधले सोळाच्या सोळा आकडे वापरतं, आणि चाल सरळ असल्यामुळं हार्डवेअर प्रीफेचर पुढच्या लाइनी आधीच आणून ठेवतो. ४० एमबीची एक फेरी म्हणजे सव्वासहा लाख लाइनी. तीनचार फेऱ्यांत तुकडे ८ एमबीच्या आत येतात, त्यानंतर रॅमकडं जायचं जवळजवळ काम संपलं. म्हणजे सगळ्या मिळून २०-२५ लाख लाइनी, त्याही रांगेनं, समोर हीपच्या २ कोटी, त्याही कुठूनही. पुढं तुकडा आठ हजार आकड्यांचा झाला की तो ३२ केबीच्या L1 मधेच मावतो, आणि उरलेल्या सगळ्या फेऱ्या, जवळपास अर्ध्याहून जास्त, तिथंच बसून होतात. कॅश केवढी आहे हे क्विकला माहीत नसतं, तो तुकडे करत जातो आणि आपोआप मावतो.

सर, वर्स्ट केसचं: तुमची भीती खरीच आहे, म्हणून तर लायब्ररीवाले निस्तं क्विक ठेवत नाहीत. डेव्हिड मसर यांनी १९९७ मधे इंट्रोसॉर्ट मांडला, क्विकनं सुरू करायचं आणि रिकर्शनची खोली 2 log n च्या पुढं गेली की तेवढा तुकडा हीपसॉर्टला द्यायचा. जीसीसीचं `std::sort` असंच चालतं. आणि लिनक्स कर्नलचं `lib/sort.c` तर हीपसॉर्टच आहे, तिथं वेगापेक्षा खात्री जास्त लागते आणि जास्तीची मेमरी मागायची नसते.

सेवानिवृत्त_मास्तर
म्हणजे हीप टाकून दिलेला नाही, राखीव ठेवलेला आहे. हे बरं सांगितलंत.

अडत_दुकान_लातूर
माझा प्रश्न याच्याशी जुळतो का बघा. आमच्या अडतीचं बिलिंग मीच लिहिलंय, सोयाबीन तुरीच्या पट्ट्या, जुन्या सगळ्या धरून लाखोंनी नोंदी. वजनाप्रमाणं लावायच्या असतेत. मी तर क्विकसॉर्टच वापरतो, मग माझं कामून रेंगाळतंय? प्रत्येक नोंद वेगळी `malloc` केलेली आहे, अ‍ॅरेत निस्ते पॉइंटर ठेवलेत, सॉर्ट पॉइंटरच करतो.

बालाघाट
जुळतो की. तुमचं पार्टिशन सरळ चालतंय ते पॉइंटरांच्या अ‍ॅरेवर, पण वजन बघायला दरवेळी त्या नोंदीच्या पत्त्यावर जावं लागतं आणि नोंदी मेमरीत जिथंतिथं पडलेल्या. म्हणजे क्विक वापरूनही मेमरीची चाल हीपसारखीच झाली. नोंदी हलवू नका, फक्त वजन आणि नोंदीचा नंबर असा आठ बाइटचा जोड करून त्यांचा वेगळा अ‍ॅरे करा, तो सॉर्ट करा, शेवटी नंबरावरून नोंदी काढा. एका लाइनमधे आठ जोड बसतात. वजन किलोत दशांश असेल तर ग्रॅम करून `int` मधे ठेवा.

उदगीरचा_कोडर
कॅशचं मान्य. पण ब्रँच प्रेडिक्शन पण असंलच की, क्विकचा लूप साधा असतो, प्रेडिक्टरला सोपा जातो.

बालाघाट
इथं थांबा. रँडम डेटावर चांगला पिव्हट म्हणजे अर्धे लहान अर्धे मोठे, म्हणजे ती कंपॅरिझन प्रेडिक्टरसाठी छापा-काटाच. पिव्हट जेवढा चांगला तेवढा अंदाज वाईट. हीपमधे कोणतं पोरगं मोठं हेही तसंच, पण `break` चा अंदाज मात्र छान लागतो, कारण शेवटून उचलून मुळात ठेवलेला आकडा बहुतेक वेळा तळापर्यंतच जातो. त्यामुळं या मुद्द्यावर क्विक फार पुढं आहे असं मी म्हणणार नाही.

उदगीरचा_कोडर
पण कंपायलरनं ते पोर निवडणं `cmov` नं केलं तर? मग ब्रँचच नाही.

बालाघाट
मग अंदाज चुकायचा प्रश्न मिटला पण अंदाज लावून लाइन आधी मागवायची सोय पण गेली, आधीचा आकडा आल्याशिवाय पुढचा पत्ताच ठरत नाही. मोठ्या n ला कोणतं बरं पडतं ते मशीनवर चालवूनच बघायचं, असेंब्ली `-S` नं काढा दोन्हीची.

आणि पोरा, माझ्या शब्दावर जाऊ नकोस, मोजून बघ. `perf` चालत असेल तर उत्तम, व्हर्च्युअल मशीनवर ते बरेचदा `<not supported>` म्हणतं. तसं झालं तर कॅशग्राइंड. तो लई स्लो चालतो म्हणून १० लाखच आकडे घे आणि कॅशच खोटी लहान सांग, १ एमबी:

```
valgrind --tool=cachegrind --cache-sim=yes --LL=1048576,16,64 ./a.out
```

१ एमबीत १८ लेव्हल मावतात, १० लाखाला २० लागतात, म्हणजे चित्र तेच फक्त लहान. `LLd misses` बघ.

गोदातीर_पोरगं
चालवलं. क्विकला दोन लाखाच्या जरा वर, हीपला सोळा लाखाच्या आसपास. आठपट! आन् मघाशी ५ हजार आकड्यांचे वेगवेगळे अ‍ॅरे घेऊन टायमिंग केलं तर हीप दीडपटीच्या आतच राहिला, म्हणजे तिथं उदगीरच्या दादाचाच हिशोब लागू होतोय.

एक अजून, चार पोरांचा हीप केला तर? लेव्हल निम्म्या होतील ना? मी घाईघाईत 4i+1 ते 4i+4 असं करून बघितलं, कोटीला २.१ आलं.

बालाघाट
होतील निम्म्या, आणि चार पोरं १६ बाइटची म्हणून एकाच लाइनमधे बसायला पाहिजेत. पण तुझ्या मांडणीत 13 ते 16 हा गट दोन लाइनींत फाटतो, असे चारातले एक. `aligned_alloc(64, ...)` नं जागा घे आणि मूळ 0 वर न ठेवता 3 वर ठेव, म्हणजे प्रत्येक गट चारच्या पटीवर सुरू होतो.

उदगीरचा_कोडर
पण चार पोरांत मोठं शोधायला तीन कंपॅरिझन, वरून बापाची एक. लेव्हल निम्म्या झाल्या तरी कंपॅरिझन तेवढ्याच राहिल्या की. क्विकला गाठंल का?

बालाघाट
मला नाही वाटत. पण करून टाक रे पोरा इथं आकडे, `-O2` आणि `-O3` दोन्हीचे.